आधी शंका फेडा, मग फी सांगा

मोबाईलवरचा कोर्स विकण्यासाठी प्रश्नोत्तराचा कार्यक्रम कसा आखावा : द्राक्ष बागायतदाराचा अनुभव

ज्याची बाग दरवर्षी साधते त्याच्या बांधावर छाटणीच्या दिवसांत चार लोक विचारायला येतातच. काडी कितीवर मारू, पेस्ट कधी लावू, पाऊस लागला तर काय करू. चहा पिऊन, सल्ला घेऊन मंडळी निघून जातात. अशा जाणत्या बागायतदारांपैकी काहींनी आता हे शिकवणे मोबाईलवर रीतसर फी घेऊन सुरू केले आहे. यात वावगे काहीच नाही. अडचण येते ती विकण्यात. शिकवता येते त्याला विकता येतेच असे नाही.

आमच्या सज्ज्यातल्या एका बागायतदाराची ही हकीकत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू. साडेतीन एकर थॉमसन, वीस वर्षांचा हात. त्यांनी फळछाटणीपासून काढणीपर्यंतचे नऊ धडे मोबाईलवर रेकॉर्ड केले. दर बुधवारी रात्री शिकणाऱ्यांच्या शंका घ्यायच्या आणि फी 1500 रुपये, असा बेत होता. मी सरकारी नोकर, कोर्स माझा नाही आणि त्यातला रुपयाही माझा नाही. पण शेतकरी मेळावे भरवण्यात माझी दहा वर्षे गेली. त्यामुळे कार्यक्रम बसवायला मदत केली, त्यातून जे कळले ते सांगतो.

पहिल्या वर्षी काय चुकले

पहिल्या वर्षी अण्णांनी कोणालाच विचारले नाही. रात्री नऊला लाइव्ह आले आणि सत्तर मिनिटे एकटेच बोलत राहिले. छाटणी, पेस्ट, फेलफूट, विरळणी, जीए, सगळे एका दमात. शेवटी घाईघाईने फी सांगितली, तेव्हा ऐकायला अकरा जण उरले होते. तेवढ्यात वीज गेली आणि राऊटर बंद पडला. त्या रात्री एकही नाव आले नाही.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "साहेब, लोकांना फुकटच पाहिजे. पैसे द्यायचे म्हटलं की पळत्यात."

मी म्हणालो, "अण्णा, लोक पळाले नाहीत. त्यांचा प्रश्न तुम्ही घेतलाच नाही. बाजारात गिऱ्हाईक काय मागतंय ते न विचारता तुम्ही सगळं दुकान त्याच्या पुढ्यात ओतलं."

पुढच्या वर्षी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

दिवस आणि विषय

पहिली गोष्ट विषयाची. "द्राक्ष बाग व्यवस्थापन" असा मोघम विषय ठेवला तर कोणी येत नाही. ज्याची छाटणी पंधरा दिवसांवर आली आहे त्याच्या डोक्यात एकच काळजी असते. म्हणून विषय ठरवला, "छाटणीच्या आधीचे पंधरा दिवस : तुमच्या शंका". गणपती उठल्यानंतरचा रविवार धरला. त्या सुमारास पानगळ आणि छाटणीची तयारी सुरू असते, पण कात्री अजून लागलेली नसते. वेळ रात्री आठची, कारण साडेसातपर्यंत धारा आणि डेअरी असते आणि नऊनंतर माणूस झोपेला येतो.

कोर्सचा पहिला धडा पुढच्या शुक्रवारी सुरू होणार होता. म्हणून नाव नोंदवायची मुदत गुरुवार रात्रीची ठेवली. ही मुदत खरी होती. "शेवटच्या पाच जागा" असली खोटी घाई करू नका. गावात एकमेकांचे फोन चालतात, खोटे दोन दिवसांत उघडे पडते.

कोणत्या सोयीवर लाइव्ह यायचे, याचाही हिशेब घातला. फुकटच्या झूममध्ये 40 मिनिटांनी सभा तुटते आणि गूगल मीटमध्ये तीन किंवा अधिक माणसे असली की फुकट खात्यात तासाची मर्यादा आहे. आमचा कार्यक्रम 65 मिनिटांचा होता. म्हणून यूट्यूब निवडले. पण तिथेही ऐनवेळी बटण दाबून चालत नाही. पहिल्यांदा लाइव्हची परवानगी घेतली की ती सुरू व्हायला 24 तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि नुसत्या मोबाईलवरून लाइव्ह यायचे तर चॅनेलला निदान 50 सबस्क्रायबर लागतात. अण्णांच्या पुतण्याने गुरुवारीच घरातल्या तिघांना लिंक पाठवून पाच मिनिटांची रंगीत तालीम केली. त्यात पंख्याचा आवाज बोलण्यावर येतो हे कळले.

प्रश्न आधी गोळा करा

कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी अण्णांनी एक निरोप सोडला. "कार्यक्रमाला येणार असाल तर या नंबरवर तुमचे नाव, गाव, वाण आणि एक प्रश्न पाठवा. लिंक त्याच नंबरवरून येईल." 112 जणांनी नावे दिली, त्यांतल्या 41 जणांनी प्रश्न धाडले.

एक बारकावा सांगतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवलेला निरोप ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला आहे त्यालाच मिळतो. म्हणून नोंदणीच्या उत्तरातच "हा नंबर सेव्ह करा" असे लिहिले. हे राहिले तर निम्मी मंडळी लिंकची वाट बघत बसतील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

आलेल्या प्रश्नांचे आम्ही चार ढीग केले. पहिल्या ढिगात पाच-सहा मिनिटांत पूर्ण उत्तर देता येईल असे प्रश्न. दुसऱ्यात ज्यांचे उत्तर म्हणजे अख्खा एक धडा आहे असे. तिसऱ्यात बाग बघितल्याशिवाय बोलू नये असे, आणि चौथ्यात कोर्सबद्दलचे, म्हणजे फी किती, साधा मोबाईल चालेल का, धडा पुन्हा बघता येतो का वगैरे.

इथे अण्णांची एक समजूत काढावी लागली. ते म्हणाले, "अर्धं उत्तर देऊ, बाकीचं कोर्समध्ये म्हणून सांगू." हे करू नका. शेतकरी हुशार आहे, हात आखडलेला त्याला लगेच कळतो. जो प्रश्न घ्याल त्याचे उत्तर पुरते द्या. तुम्ही गुपित विकत नाही. छाटणीपासून काढणीपर्यंत कुठल्या दिवशी काय बघायचे याचा क्रम, आणि अडले तर बुधवारी विचारायची सोय, यांची ती फी आहे. एका प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळाले की ऐकणाराच म्हणतो, हा माणूस हंगामभर सोबत असला तर बरे.

पहिल्या ढिगातले चार प्रश्न निवडले. काडी पिकली हे कसे ओळखावे? अण्णांनी कॅमेऱ्यासमोर दोन काड्या आडव्या कापून दाखवल्या, एकीचा गाभा तपकिरी झालेला आणि दुसरीचा अजून हिरवट-पांढरा. बोलण्यापेक्षा ते बघूनच लोकांना पटले. दुसरा प्रश्न, किती डोळ्यांवर छाटावे? त्यावर आकडा न सांगता छाटणीआधी काडी प्रयोगशाळेत नेऊन डोळ्यांची तपासणी कशी करून घ्यायची, कोणत्या काड्या न्यायच्या, हे सांगितले.

तिसरा प्रश्न होता पेस्टचा, म्हणजे हायड्रोजन सायनामाइडचा. काडीची जाडी आणि हवेतली उष्णता यांवर मात्रा बदलते, म्हणून लेबल आणि आपल्या भागातल्या तज्ज्ञाचा सल्ला बघा, एवढेच सांगितले. पण हातमोजे का घालायचे आणि पेस्ट लावण्याच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी व नंतरचे काही दिवस दारूला का शिवायचे नाही, हे सविस्तर सांगितले. या औषधाबरोबर दारू अंगात गेली तर माणूस गंभीर आजारी पडतो आणि पेस्ट लावणाऱ्या मजुरांना बऱ्याचदा हे कोणी सांगतच नाही. जिवाशी संबंधित गोष्ट फीच्या आड कधीही ठेवू नये, हा आमचा नियम ठरला.

चौथा प्रश्न अवघड होता. "घड कमी दिसत आहेत, आता काय फवारले तर वाढतील?" खरे उत्तर असे की घड डोळ्यात तयार होतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर. फळछाटणीच्या तोंडावर फवारून घडांची संख्या वाढत नाही, आहेत ते नीट निघतील एवढेच बघता येते. अण्णा कचरत होते. अशा उत्तराने गिऱ्हाईक तुटेल असे त्यांना वाटले. मी म्हणालो, "हेच उत्तर आधी द्या."

मिनिटांचा कागद

मेळाव्याला कार्यक्रमपत्रिका असते, तशी याचीही हवी. मोठ्या अक्षरात लिहून अण्णांच्या समोर भिंतीला चिकटवली.

साडेसात : दोन्ही मोबाईल चार्ज, राऊटर इन्व्हर्टरवर, दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला फोन हाताशी, पंखा बंद.

8.00 ते 8.05 : नाव, गाव, बाग किती. आज काय होणार आणि कधी संपणार. "साडेआठला कोर्सची माहिती सात मिनिटे देईन, नंतर पुन्हा प्रश्न घेईन," हे आधीच सांगून टाकायचे.

8.05 ते 8.30 : आधी निवडलेले चार प्रश्न, एकेकाला सहा मिनिटे.

8.30 ते 8.37 : कोर्सची माहिती.

8.37 ते 8.57 : त्या वेळी येणारे प्रश्न.

8.57 ते 9.02 : कोर्सबद्दलच्या शंका, फी आणि मुदत पुन्हा एकदा.

9.02 ते 9.05 : समारोप, उद्या काय पाठवणार ते सांगून निरोप.

फीची गोष्ट मध्येच का, असे तुम्ही विचाराल. शेवटी ठेवली तर तोवर निम्मे लोक उठतात, हे पहिल्या वर्षी दिसलेच होते. सुरुवातीला ठेवली तर अजून विश्वास बसलेला नसतो. चार प्रश्नांची चोख उत्तरे मिळाली की माणूस ऐकायच्या मनःस्थितीत असतो, आणि पुढे अजून प्रश्न घेणार म्हटल्यावर बसून राहतो.

त्या सात मिनिटांत काय बोलायचे तेही लिहून काढले. कोर्समध्ये काय आहे, काय नाही, कोणासाठी आहे, कोणासाठी नाही, फी किती, मुदत कधी, आणि पटले नाही तर काय. अण्णांनी स्पष्ट सांगितले, "ज्याची बाग पहिल्याच वर्षाची हाय त्यानं हा कोर्स घेऊ नये, त्याचं काम वेगळं. आणि मी बागेत येऊन बघणार नाही, तेवढ्यासाठी सल्लागार वेगळा लागतो. पहिला धडा बघून सात दिवसांत नको वाटलं तर सगळे पैसे परत." नको त्याला नको म्हटल्यामुळे हवे त्याचा भरवसा वाढतो.

माणसे तीन ठेवा. बोलणारा एक. आलेले प्रश्न वाचून, निवडून, चिठ्ठीवर लिहून देणारा दुसरा, इथे अण्णांची मुलगी बसली. तिसरा फोन आणि वीज सांभाळणारा पुतण्या. बोलणाऱ्यानेच पडद्यावरचे प्रश्न वाचायला घेतले की सगळा ताल जातो.

प्रश्न यूट्यूबच्या चॅटमध्ये न घेता व्हॉट्सॲपच्या त्याच नंबरवर घेतले. कारण यूट्यूबवर किती जण बघत आहेत हा आकडा दिसतो, माणूस कोण ते कळत नाही. व्हॉट्सॲपवर प्रश्न आला की नाव, गाव आणि नंबर हाताशी राहतो, आणि नंतरचे सगळे काम त्यावरच चालते. लाइव्ह चित्र लोकांपर्यंत काही सेकंद उशिरा पोचते, हेही ध्यानात ठेवा. तुम्ही "काही विचारायचं आहे का?" म्हटल्यावर लगेच उत्तर आले नाही म्हणजे कोणी ऐकत नाही असे नव्हे. त्या वेळेसाठी दोन प्रश्न आधीच राखून ठेवा.

त्या रात्री काय झाले

बघणाऱ्यांचा आकडा आठला 37 होता, साडेआठला 58 झाला. आठ पंचवीसला वीज गेली, पण राऊटर इन्व्हर्टरवर होता, निभावले. घडांच्या प्रश्नाचे खरे उत्तर दिल्यावर आकडा कमी होईल असे अण्णांना वाटत होते. तो उतरला नाही, उलट त्याच प्रश्नावर आणखी चौघांनी लिहिले.

अडचण आली ती फवारणीच्या मात्रेवरून. एकाने विचारले, "डाऊनीला आज काय मारू, किती मिली?" बाग दिसत नाही, अवस्था माहीत नाही, माल निर्यातीचा की गावचा तेही ठाऊक नाही. अशा वेळी आकडा सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या बागेशी जुगार. अण्णांनी चिठ्ठीवर लिहून ठेवलेलेच वाक्य वाचले, "बाग बघितल्याशिवाय मात्रा सांगत नाही. लेबल बघा, निर्यातीचा माल असेल तर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी आणि काढणीपूर्वीचे दिवस बघा, आणि तुमच्या कृषी सहायकाला फोटो दाखवा." तिसऱ्या ढिगासाठी असे वाक्य आधी लिहून ठेवावे, कारण ऐन वेळी भिडेखातर तोंडातून आकडा निघून जातो.

आणखी एकाने चिडून लिहिले, "सरकारी सल्ला फुकट मिळतो, तुम्ही पैसे का घेता?" अण्णा शांतपणे म्हणाले, "फुकट मिळतो तो जरूर घ्या. मी माझ्या बागेत नऊ टप्प्यांवर काय केलं ते दाखवतो आणि दर बुधवारी तासभर बसतो, त्याचे पैसे घेतो." वाद तिथेच मिटला. उत्तर एकदा द्यावे, दुसऱ्यांदा देऊ नये.

कार्यक्रम संपताना 41 जण हजर होते. त्या रात्री सहा जणांनी पैसे भरले.

खरे काम दुसऱ्या दिवशी

सहा नावांवर अण्णा खूश होऊन बसणार होते. मी वही काढायला लावली. वहीत तीन याद्या केल्या. पैसे भरलेले, प्रश्न विचारला पण भरले नाहीत असे, आणि नाव नोंदवले पण ज्यांच्याकडून काहीच आले नाही असे. तिघांना एकच निरोप धाडणे म्हणजे सगळ्या जनावरांना एकच चारा.

पैसे भरलेल्यांना त्याच रात्री पावती, पहिल्या धड्याची तारीख आणि बुधवारच्या गटाची लिंक गेली. पैसे दिल्यावर चार तास शांतता राहिली की माणसाला फसलो असे वाटते.

सोमवारी सकाळी नोंदवलेल्या सगळ्यांना कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग गेले. यूट्यूबवर लाइव्ह संपले की ते बहुधा आपोआप साठते, वेगळे करावे लागत नाही. सोबत कुठल्या मिनिटाला कोणता प्रश्न आहे हे चार ओळींत लिहिले. एक तास कोणी पुन्हा बघत नाही, पण "काडीचा गाभा, सातव्या मिनिटाला" म्हटले की बघतात.

मंगळवारी दुसऱ्या यादीतल्या चौदा जणांना अण्णांनी स्वतः फोन केले. आधी त्यांच्या प्रश्नाचे काय झाले ते विचारायचे, मग गरज वाटली तरच कोर्सची गोष्ट काढायची. दोघांनी नको म्हटले, त्यांच्या नावापुढे फुली मारली आणि पुन्हा निरोप पाठवला नाही. तिघांनी सांगितले की फी एकदम जड जाते. त्यांना 750 चे दोन हप्ते करून दिले, आणि ही सवलत सगळ्यांनाच जाहीर केली. एकाला गुपचूप स्वस्त दिले की दुसऱ्या दिवशी द्राक्ष पट्ट्यात बोभाटा होतो.

गुरुवारी सकाळी एकच आठवण पाठवली. "आज रात्री नोंदणी बंद. उद्या पहिला धडा." पैशासाठी क्यूआरचा फोटो त्याच नंबरवरून दिला आणि स्पष्ट लिहिले, "पैसे भरताना पिन लागतो. पैसे परत मिळताना कधीच लागत नाही. परताव्यासाठी कोणी पिन मागितला तर तो मी नव्हे." एवढी ओळ जरूर घाला, कारण अशा याद्यांवर भामट्यांचा डोळा असतो.

सोमवार ते बुधवार चार नावे आली, गुरुवारी एका दिवसात सात. एकूण सतरा. पहिला धडा बघून दोघांनी पैसे परत मागितले, त्याच दिवशी दिले. पंधरा राहिले, 22,500 रुपये जमले. फार मोठी रक्कम नव्हे, पण मेहनतीची. अण्णांनी वहीत आणखी एक रकाना पाडला आहे. फुकट ऐकलेल्यांपैकी कोणत्या प्रश्नाचे लोक शेवटी कोर्सला आले, याचा. सतरापैकी सात जण घडांच्या त्या कडू उत्तरानंतर आलेले निघाले.

परवा बांधावर भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, औंदा एप्रिल छाटणीच्या आधी पण एक कार्यक्रम घेतो. घड तिथंच ठरतंय म्हटल्यावर लोकांना सांगायला नको का?"

बंधूंनो, असा कार्यक्रम घ्यायचा असेल तर आजच एक वही करा, आणि तुमच्या बांधावर गेल्या हंगामात लोकांनी काय काय विचारले ते आठवून लिहायला बसा.